‘गुन्हा दाखल’ आणि ‘गुन्हा सिद्ध’ : एका शिक्षेची कथा

1/ ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीच्या कोणत्याही दैनिकातील गुन्हेवृत्त पाहावे. ‘तक्रारीत म्हटले आहे’, ‘पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार’, ‘असा आरोप आहे’ ही वाक्ये हटकून भेटतात. ती सवयीची भाषा वाटते. पण तिच्यामागचे कारण 1882 सालच्या एका खटल्यात लख्ख दिसते. त्या खटल्यात दोन संपादक तुरुंगात गेले होते.

2/ राजर्षी शाहूंच्या आधी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. ते वेडे झाले असे सांगून त्यांना देखरेखीखाली ठेवण्यात आले होते. दिवाण माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात, अशी चर्चा पुण्यापर्यंत पोहोचली. आगरकर तेव्हा ‘केसरी’चे संपादक होते आणि टिळक ‘मराठा’चे. दोघेही पंचविशीतले.

3/ बर्व्यांची म्हणून सांगितली जाणारी काही पत्रे त्यांच्या कानी-हाती आली. ती महाराजांविरुद्धच्या कारस्थानाचा पुरावा मानून दोन्ही पत्रांनी दिवाणांवर उघड टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटल्यात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरीही 17 जुलै 1882 रोजी दोघांना चार महिन्यांची कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून ते 26 ऑक्टोबरला सुटले.

4/ दोघांचा हेतू शुद्ध होता, याविषयी क्वचितच कोणी शंका घेतली. मग शिक्षा का? 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 499 चे काही महत्त्वाचे अपवाद ‘सद्भावने’वर उभे आहेत, आणि कलम 52 सांगते की योग्य काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेची नव्हे. मनापासून विश्वास बसणे वेगळे आणि पडताळून पाहणे वेगळे. कायदा दुसऱ्या गोष्टीची विचारणा करतो.

5/ बातमीची शब्दरचना ही त्या पडताळणीची छापील खूण असते. समजा, डोंबिवलीतील एका गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदाने खजिनदाराविरुद्ध 12 लाखांच्या अपहाराची तक्रार दिली. गुन्हा नोंदला गेला. अटक झालेली नाही. आता मथळा आला, ‘सोसायटीचे 12 लाख खजिनदाराने लाटले’. येथे वृत्तपत्राने स्वतःच निकाल दिला. फिर्याद झाल्यास ‘लाटले’ हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर येते.

6/ तीच बातमी अशी लिहावी: ‘खजिनदाराने 12 लाखांचा अपहार केल्याची तक्रार एका सभासदाने दिली असून त्यावरून गुन्हा दाखल झाला आहे, असे पोलिसांनी सांगितले. अद्याप अटक झालेली नाही. खजिनदाराने आरोप नाकारला आहे.’ येथे वृत्तपत्र चारच गोष्टी ठामपणे सांगते: तक्रार झाली, नोंद झाली, अटक नाही, नकार आहे. चारही कागदपत्रांवरून किंवा बोलण्याच्या टिपणांवरून दाखवता येतात.

7/ मराठीत ‘गुन्हा दाखल’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. त्याचा अर्थ तक्रारीची नोंद झाली एवढाच. गुन्हा घडला, असा नव्हे. म्हणून ‘संशयित’, ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ या पायऱ्या गाळता येत नाहीत. ‘दोषी’ हा शब्द न्यायालयाच्या निकालानंतरचा. मजकूर सावध आणि मथळा निकाल देणारा, ही चूक सर्वाधिक घडते, कारण मथळा बहुधा बातमीदार देत नाही. फिर्याद मात्र त्याच्यासह संपादकावरही होऊ शकते.

8/ या भाषेला मर्यादाही आहेत. ‘कथित’ हा शब्द कवच नव्हे. दुसऱ्याचा खोटा आरोप पुन्हा छापणे हीसुद्धा बदनामी ठरू शकते. उपरोधाने किंवा ‘हा की तो’ अशा पर्यायी रूपात केलेला आरोपही कलम 499 च्या स्पष्टीकरणानुसार सुटत नाही. न्यायालयीन कामकाजाच्या मूलतः खऱ्या वृत्तांताला चौथा अपवाद थेट संरक्षण देतो. पोलीस ठाण्यातील कुजबुजीला तसे संरक्षण नाही. 1 जुलै 2024 पासून हीच चौकट भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे.

9/ म्हणजे ‘बर्व्यांची म्हटली जाणारी पत्रे’ एवढे लिहून टिळक-आगरकर सुटलेच असते, असे नाही. पत्रे कोणी आणली, अक्षर कोणी ओळखले, बर्वे काय म्हणतात, हे आधी विचारावे लागले असते. ते विचारले असते, तर कदाचित ती पत्रे छापण्याजोगी उरलीच नसती.

10/ महाराजांविषयीची काळजी मात्र निराधार नव्हती. 25 डिसेंबर 1883 रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, देखरेखीखाली असतानाच त्यांचा मृत्यू झाला. मूळ प्रश्न खरा होता. पण न्यायालयात चर्चा झाली ती बनावट पत्रांची, आणि राजाच्या हालअपेष्टा बाजूला राहिल्या.