शेअर ८३ रुपयांना दिसतोय, पण १५०० घेतले तर कितीला पडतील?

नांदुऱ्यात बसून मोबाइलवरून ऑर्डर टाका किंवा मुंबईतून, ती एक्स्चेंजच्या त्याच रांगेत जाते. म्हणूनच कमी उलाढालीच्या शेअरमध्ये मोठी ऑर्डर टाकण्याआधी या रांगेत कोण उभं आहे ते बघायला हवं.

स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिसते ती शेवटच्या सौद्याची किंमत. तो सौदा तासाभरापूर्वी दहा शेअरचाही झालेला असू शकतो. खरी माहिती त्याखालच्या 'मार्केट डेप्थ'मध्ये असते. तिथे खरेदीदारांचे आणि विक्रेत्यांचे सगळ्यात चांगले पाच-पाच भाव दिसतात.

समजा, शेवटचा सौदा ८३ रुपयांना झालाय. सगळ्यात वरचा खरेदीदार ८२.१० देतोय आणि सगळ्यात स्वस्त विक्रेता ८४.९० मागतोय. मधला फरक, म्हणजे स्प्रेड, २.८० रुपयांचा. म्हणजे जवळपास साडेतीन टक्के. घेऊन लगेच विकला, तर ब्रोकरेज धरण्याआधीच एवढा तोटा.

आता विक्रेत्यांची बाजू बघा. ८४.९० ला १५० शेअर, ८५.५० ला २००, ८६.७५ ला ३००, ८८ ला ५०० आणि ८९.५० ला ४००. तुम्ही १५०० शेअरची मार्केट ऑर्डर टाकली, तर ती या पायऱ्या एकेक करत चढत जाते. शेवटचे ३५० शेअर ८९.५० ला मिळतात. एकूण बिल १,३१,१८५ रुपये, सरासरी ८७.४६. आणि ८३ च्या हिशेबाने मनात धरलेला आकडा होता १,२४,५००.

मार्केट ऑर्डर भाव बघत नाही, पुढे येईल ते घेते. ५ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईच्या एमके ग्लोबल या ब्रोकरकडून चुकून सुमारे ६५० कोटींच्या विक्रीच्या ५९ ऑर्डर गेल्या आणि निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांहून जास्त कोसळला. ते तर देशातले सगळ्यात मोठे शेअर होते!

म्हणून अशा शेअरमध्ये लिमिट ऑर्डरच टाका. वरच्या उदाहरणात ८५.५० ची लिमिट लावली, तर आधी ३५० शेअर मिळतील आणि उरलेली ऑर्डर त्याच भावाला रांगेत थांबेल. नवे विक्रेते आले तर भरेल, नाही तर पडून राहील. मात्र उरलेले ११५० एकदम सगळ्यांना दिसले की विक्रेते भाव वर नेतात. त्यामुळे ऑर्डर तुकड्यांत टाकणं बरं.

डेप्थवरही डोळे झाकून विसंबू नका. खाली येणाऱ्या एकूण खरेदी-विक्रीच्या आकड्यात भावापासून फार लांबच्या ऑर्डरही मोजलेल्या असतात. 'डिस्क्लोज्ड क्वांटिटी'मुळे मोठ्या ऑर्डरचा थोडाच भाग दिसतो, आणि दिसणारी ऑर्डर कधीही मागे घेता येते. पाच-दहा मिनिटं स्क्रीनकडे बघा. तेच आकडे टिकतायत की येतायत-जातायत, ते तेवढ्यात कळतं.

आणि खरेदीदारांची बाजू घेतानाच मोजा. ८२.१० ला फक्त १२० शेअरचा गिऱ्हाईक असेल, तर तुमचे १५०० विकताना त्याच पायऱ्या उलट्या उतराव्या लागतील.