झुलते मिनार आणि साबरमतीचा गाळ

अहमदाबादेत वाढलेल्या आमच्या आजीची भूकंपाची गोष्ट जामा मशिदीपासून सुरू व्हायची. 1819 साली कच्छात धरणी हलली आणि इथे, इतक्या लांब, मशिदीच्या झुलत्या मिनारांचे वरचे भाग कोसळले. हे तिने सासऱ्यांकडून ऐकलेलं. तिच्या गोष्टीत पडायचे ते मिनारच. पोळांतल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांतल्या, घरांचं नावही निघायचं नाही.

26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर ही गोष्ट आमच्या घरात वेगळ्याच कानांनी ऐकली गेली. कच्छातल्या भचाऊजवळचा केंद्रबिंदू सव्वादोनशे किलोमीटरहून दूर, तरी शहरात साडेसातशेच्या आसपास माणसं गेली. पोळांना भेगा गेल्या, पण तिथली बहुतेक घरं उभी राहिली. कोसळल्या त्या नव्या बहुमजली इमारती.

"बिल्डरनी सिमेंट खाल्लं, दुसरं काय!" शेजारचे शाहकाका म्हणत.

"खाल्लं असेल," नानाकाका म्हणाले. त्यांची सगळी नोकरी माती तपासण्यातच झालेली. "खाली पार्किंग, नुसते खांब, ही कमजोरी होतीच. पण ती इतक्या लांबून कुणी शोधून काढली, ते सांगा."

मग त्यांनी सांगितलं ते असं. खडकातून लाट वेगाने धावते, मऊ गाळात शिरली की मंदावते. मागून येणारी ऊर्जा तेवढीच, म्हणून वेग घटला की हेलकावा वाढतो. साबरमतीच्या या गाळाखाली पक्का खडक शेकडो मीटर खोल. वाटेत बारीक, झटपट थरथर विरून जाते, सावकाश लाटा टिकतात, आणि जाड गाळ नेमक्या त्याच वाढवतो. शहरातल्या एका यंत्रावर जमिनीचा झटका गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम एक-दशांश नोंदला गेला. आकडा भयंकर नाही; घात केला तो तालाने. इमारतीचाही स्वतःचा ताल असतो, ढोबळमानाने मजल्याला सेकंदाचा दहावा भाग. दहा मजल्यांना एक झोका घ्यायला सेकंदभर लागतो. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का मिळत राहिला की हलक्या हातानेही तो छताकडे जातो. बसक्या घराचा ताल जलद, त्याच्याशी या लाटांची गाठच पडत नाही. मिनार मात्र उंच आणि सडपातळ.

"माझ्या पोळीतल्या घराला लाकडी बांधणी आहे, म्हणून वाचलं," आत्या म्हणाली. तेही खोटं नव्हे, लाकूड लवतं.

"मग एकाच गाळावर शेजारची तशीच इमारत का उभी राहिली?" शाहकाका सहजी सोडणारे नव्हते.

"तिथे तुमचं सिमेंट येतं, खांबातली सळई येते. माती कमजोरी निर्माण करत नाही, तिला जोर लावते. कुठल्या इमारतीत कशाचा वाटा किती, हे मी छातीठोक सांगणार नाही."

आत्याला मात्र वेगळीच घाई होती. "म्हणजे आम्ही पोळीतच राहावं ना?"

"भूकंप पुन्हा लांबच होईल अशी हमी असेल तर," नानाकाका म्हणाले. "जवळ झाला तर झटपट थरथर विरायला वाटच मिळत नाही. 1993 ला किल्लारीत तो पायाखालीच झाला, आणि पडली ती दगडमातीच्या जड भिंतींची बसकी घरं."