पाऊस एकच, प्रकल्प तीन

जून उजाडला, की शाळा-महाविद्यालयांतून प्रकल्पाचे विषय घरोघरी येऊ लागतात. 'पाऊस' हा त्यातील हमखास विषय. घरात तिसरीतील धाकटी, नववीतील थोरला आणि महाविद्यालयात जाणारी ताई असेल, तर तिघांनाही तो वेगवेगळ्या वर्षी मिळतो. बहुधा कागदाचा आकार तेवढा वाढतो. ढगांची चित्रे आणि जलचक्राचे बाण तेच राहतात. वास्तविक पर्जन्यमापन हा एकच विषय तिन्ही पातळ्यांवर नेता येतो. मात्र प्रत्येक वेळी प्रश्न बदलावा लागतो. साधने आणि पद्धत मग त्या प्रश्नामागोमाग बदलतात.

प्राथमिक वर्गासाठी प्रश्न इतकाच असावा : कोणत्या दिवशी पाऊस जास्त पडला? त्यासाठी सपाट बुडाचे आणि सरळ कडांचे तीन डबे पुरेत. एक अरुंद, एक मध्यम, एक रुंद. झाड वा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर ते उघड्यावर ठेवावेत आणि रोज ठराविक वेळी पट्टी बुडवून पाण्याची उंची मोजावी. रुंद डब्यात पाणी अधिक असते, तरीही तिन्ही डब्यांतील उंची जवळजवळ सारखीच भरते. मुलांना याचे नवल वाटते आणि प्रकल्पाचे सार तेच आहे. बाजारातील पट्टीचा शून्य टोकापासून थोडा आत असतो. तेवढे अंतर वाचनात मिळवायला हवे, अन्यथा रोजचा पाऊस कमी दिसतो. एक-दोन मिलिमीटरची सर मात्र या पद्धतीने नीट मोजता येत नाही.

माध्यमिक पातळीवर याच अडचणीपासून सुरुवात करावी. डब्याऐवजी १४ सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे आणि त्याखाली ७ सेंटिमीटर व्यासाची एक लिटरची बाटली घ्यावी. समजा, सकाळी बाटलीत १० सेंटिमीटर पाणी आढळले. म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस झाला काय? नाही. पाणी नरसाळ्याच्या तोंडाने गोळा केले आणि बाटलीचे क्षेत्रफळ त्याच्या एकचतुर्थांश आहे. ते पाणी मोजपात्रात ओतल्यास सुमारे ३८५ मिलिलिटर भरेल. नरसाळ्याचे क्षेत्रफळ १५४ चौरस सेंटिमीटर. भागाकार अडीच सेंटिमीटर, अर्थात पाऊस २५ मिलिमीटर. एक मिलिमीटर पावसाचेही पंधराएक मिलिलिटर पाणी जमते, त्यामुळे हलकी सरही निसटत नाही.

येथून पुढे छताचा हिशेब करता येतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने ६० चौरस मीटर गच्चीवर त्या दिवशी १,५०० लिटर पाणी पडले. गळती व शोषण धरून त्यातील ८० टक्के हाती लागले, तर १,२०० लिटर. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : ही बाटली सुमारे ६५ मिलिमीटरला भरून वाहू लागते आणि हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ मिलिमीटरपासूनच 'जोरदार पाऊस' सुरू होतो. म्हणजे ज्या दिवसाची नोंद सर्वांत महत्त्वाची, नेमकी तीच हुकेल. यासाठी बाटली बादलीत उभी करावी, नरसाळे बादलीचे तोंड झाकेल असे बसवावे आणि बादलीत सांडलेले पाणीही मोजावे. वहीत सलग महिनाभर ५, १०, १५ असे गोल आकडेच दिसले आणि कोरडा दिवस एकही नसला, तर त्या नोंदी घरबसल्या झाल्या असे खुशाल समजावे.

महाविद्यालयात आकडा मिळवणे पुरेसे नाही. तो कितपत विश्वासार्ह, हा प्रश्न हवा. उदाहरणार्थ, गच्चीवर वाऱ्यामुळे मापकात पाणी कमी पडते काय? घाईने एक मापक वर, एक खाली ठेवून निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. त्याआधी दोन्ही मापके पंधरा दिवस शेजारी-शेजारी, तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर राहील अशी ठेवावीत. त्यांच्यात मुळातच दीड मिलिमीटरपर्यंत तफावत येत असेल, तर नंतर वर-खाली दिसलेल्या एका मिलिमीटरच्या फरकाला अर्थ उरत नाही. रोजच्या जोडीतील फरक, त्याची सरासरी आणि प्रमाण विचलन संगणकावरील तक्त्यात काढावे व वाऱ्याच्या दिवसांची स्वतंत्र नोंद ठेवावी.

वेधशाळेच्या आकड्यांशी तुलना करायची, तर मोजणी सकाळी साडेआठलाच हवी. तेथील पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. तरीही आकडे जुळले नाहीत, म्हणून मापक लगेच सदोष ठरवू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच काळात कुलाब्याला सुमारे ७३. दोन्ही नोंदी एकाच मुंबईतील होत्या.