हजेरीची टक्केवारी : तासिका मोजायच्या की तास?

परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की ७५ टक्के हजेरीचा प्रश्न येतो. लेक्चर एक तासाचं आणि प्रॅक्टिकल दोन तासांचं असेल तर नुसत्या तासिका मोजून चालत नाही, तास मोजावे लागतात.

समजा, ४० लेक्चर आणि १० प्रॅक्टिकल झाली. म्हणजे तासिका ५०, पण तास ६०. एका विद्यार्थिनीची ६ लेक्चर आणि ५ प्रॅक्टिकल बुडाली. तासिकांनी ५० पैकी ३९, म्हणजे ७८ टक्के. तासांनी मात्र ६० पैकी ४४, म्हणजे ७३.३ टक्के. दोन्ही हिशेब बरोबर, पण निकाल उलटे.

आता बुडालेल्यांपैकी २ प्रॅक्टिकल, म्हणजे ४ तास, कॉलेजच्याच स्पर्धेसाठी गेले आणि ते मंजूर आहेत. इथे दोन पद्धती आहेत. मंजूर तास एकूण तासांतून वजा केले तर ५६ पैकी ४४, म्हणजे ७८.६ टक्के. ते हजर धरले तर ६० पैकी ४८, म्हणजे ८० टक्के. कोणती पद्धत लावायची हे संस्थेचा लेखी नियम ठरवतो, म्हणून तो आधी वाचावा.

आपण नेहमी पाहतो ती चूक म्हणजे दोन्ही एकदम करणं: ५६ पैकी ४८, म्हणजे ८५.७ टक्के. वजाबाकीच्या पद्धतीत ताळा सोपा आहे. हजर तास ४४ आणि विनापरवानगी गैरहजर तास १२, बेरीज ५६ यायलाच हवी.