पीसीओएसमधील मुरुमे व चेहऱ्यावरील अतिरिक्त केस

पीसीओएसमधील मुरुमे व चेहऱ्यावरील अतिरिक्त केस ही पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम (पीसीओएस) या संप्रेरकविकाराची त्वचेवर दिसणारी दोन प्रमुख लक्षणे आहेत. दोन्हींमागे अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण किंवा त्यांचा वाढलेला परिणाम असतो. स्त्रियांमध्ये पुरुषी धाटणीने उगवणाऱ्या राठ केसांना वैद्यकीय परिभाषेत हिर्सुटिझम म्हणतात. औषधोपचार मूळ कारणावर काम करतो, तर त्वचेची निगा आधीच आलेली मुरुमे, डाग आणि केस यांच्यापुरती मर्यादित असते. त्यामुळे ही दोन कामे एकमेकांना पर्यायी नसून पूरक आहेत.

## कारण

पीसीओएसमध्ये अनेक स्त्रियांच्या शरीरात इन्सुलिनचे प्रमाण जास्त असते. वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला अधिक टेस्टोस्टेरॉन निर्माण करण्यास प्रवृत्त करते. त्याच वेळी रक्तातील टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे, यकृतात तयार होणारे प्रथिनही इन्सुलिनमुळे कमी होते. परिणामी मोकळे, म्हणजेच कार्यक्षम टेस्टोस्टेरॉन वाढते. त्वचेतील तैलग्रंथी त्याच्या प्रभावाने अधिक तेल स्रवतात, रोमछिद्रे तुंबतात आणि मुरुमे येतात. प्रौढ स्त्रियांमध्ये ती बहुधा हनुवटी, जबड्याची कड व मानेवर दिसतात. वरचा ओठ, हनुवटी, छाती व बेंबीखालच्या भागातील मऊ लव याच प्रभावाने जाड, काळ्या केसांत बदलते. एकदा राठ झालेला केस संप्रेरके आटोक्यात आल्यावरही सहसा पुन्हा लव होत नाही. म्हणून औषधे चालू असतानाही केस काढण्याची गरज उरते.

## निदान

प्रौढ स्त्रीमध्ये अनियमित पाळी, अँड्रोजेनचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट अंडाशय यांपैकी दोन बाबी आढळल्यास, तसेच इतर विकार वगळल्यास, पीसीओएसचे निदान होते. सोनोग्राफीऐवजी एएमएच या संप्रेरकाची चाचणीही प्रौढांमध्ये वापरता येते. किशोरींमध्ये पहिल्या दोन्ही बाबी आवश्यक मानल्या जातात आणि पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून निदान केले जात नाही. निकषांनुसार आकडे किती बदलतात, हे मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून दिसते. १५ ते २४ वयोगटातील मुलींमध्ये रॉटरडॅम निकषांनुसार हे प्रमाण २२.५ टक्के, तर अधिक कठोर निकषांनुसार १०.७ टक्के आढळले.

केसवाढ मोजण्यासाठी सुधारित फेरीमन-गॅल्वे गुणांकन वापरतात. शरीराच्या नऊ भागांना प्रत्येकी ० ते ४ गुण देऊन त्यांची बेरीज केली जाते. वंशानुसार ४ ते ६ किंवा त्याहून अधिक बेरीज हिर्सुटिझम दर्शवते. थ्रेडिंग वा वॅक्सिंग नुकतेच केलेले असल्यास गुण खोटे कमी येतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉनची चाचणीही विश्वासार्ह ठरत नाही.

काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढणे, आवाज घोगरा होणे किंवा टक्कल पडणे ही पीसीओएसची नेहमीची चाल नाही. अशा वेळी अंडाशय वा अधिवृक्क ग्रंथीतील गाठ तपासणे आवश्यक असते.

## स्टेरॉइड मलमांमुळे होणारी गफलत

भारतात गोरेपणासाठी किंवा डागांवर स्टेरॉइडमिश्रित मलमे डॉक्टरांच्या सल्ल्याविना वापरली जातात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यांतील नेहमीची नावे आहेत. सुरुवातीला चेहरा उजळ व गुळगुळीत दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, एकसारख्या आकाराच्या पुटकुळ्या येतात आणि गालांवर बारीक केस वाढतात. मलम थांबवताच जळजळ व लाली उसळते, त्यामुळे ते पुन्हा लावले जाते.

हे चित्र पीसीओएससारखे भासू शकते. मात्र स्टेरॉइडमुळे वाढणारे केस बारीक असून मलम लावलेल्या भागापुरते असतात आणि पाळीवर सहसा परिणाम नसतो. पीसीओएसमधील केस राठ असून हनुवटी व पोटासारख्या भागांत उगवतात. एकाच स्त्रीमध्ये दोन्ही गोष्टी असू शकतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणून त्यांच्या विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली.

## उपचार व त्वचेची निगा

गर्भधारणेची इच्छा नसल्यास व प्रतिकूल कारण नसल्यास संयुक्त गर्भनिरोधक गोळी हा मुरुमे व केस या दोन्हींसाठी पहिला औषधोपचार मानला जातो. पुरेसा फरक न पडल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखे अँड्रोजेनरोधक जोडले जाते. ते पुरुष गर्भाच्या वाढीस घातक असल्याने सोबत खात्रीचे गर्भनिरोधन लागते. तीव्र मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनोइनमुळे गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात, म्हणून ते चालू असताना व थांबवल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. मेटफॉर्मिन मुख्यतः चयापचयासाठी उपयुक्त असून केसांवर त्याचा परिणाम अल्प असतो.

मुरुमांसाठी रात्री कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढे अ‍ॅडापलिन पूर्ण चेहऱ्यावर लावतात. ते एकेका पुटकुळीवर लावण्याचे औषध नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो. सौम्य फेसवॉश, तेलविरहित मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन ही उरलेली निगा होय. सावळ्या त्वचेवर मुरुमांनंतर उरणारे काळे डाग उन्हाने गडद होतात. त्यामुळे शेतात वा उघड्यावर काम असणाऱ्या वऱ्हाडातील स्त्रियांसाठी उन्हाळ्यात सनस्क्रीनइतकाच ओढणीचा वा रुमालाचा आडोसा महत्त्वाचा ठरतो. लिंबाचा रस व खरखरीत उटण्याने घासणे यांनी दाह व डाग वाढू शकतात.

केस काढण्यासाठी थ्रेडिंग, वॅक्सिंग, दाढी व लेझर हे मार्ग आहेत. दाढी केल्याने केस जाड होत नाहीत. कापलेले टोक बोथट असल्याने ते राठ जाणवतात. अ‍ॅडापलिन चालू असताना वॅक्सिंग केल्यास कातडी सोलवटू शकते. लेझरपूर्वी काही आठवडे केस मुळापासून उपटू नयेत, कारण लेझरचे लक्ष्य मुळातील रंगद्रव्यच असते. दाढी मात्र चालते. सावळ्या त्वचेसाठी लांब तरंगलांबीचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित असतो. संप्रेरके अनियंत्रित असल्यास नवे केस राठ होत राहतात आणि लेझरचा परिणाम टिकत नाही.

## उदाहरण

अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील २२ वर्षांची एक काल्पनिक तरुणी घेतल्यास, वर्षातून पाच-सहाच पाळ्या आणि जबड्यावर मुरुमे अशी तिची तक्रार आहे. वरच्या ओठाला २, हनुवटीला ३, पोटाच्या खालच्या भागाला २ आणि मांड्यांना १ गुण दिल्यास बेरीज ८ होते. दोन निकष पूर्ण झाल्याने, थायरॉइड व प्रोलॅक्टिनसह इतर कारणे वगळल्यावर, सोनोग्राफीविनाही निदान करता येते. गोळी व अ‍ॅडापलिन एकाच वेळी सुरू केल्यास पहिल्या काही आठवड्यांत त्वचा कोरडी पडते आणि मुरुमे थोडी वाढल्यासारखी वाटतात. त्यांतील फरक सुमारे तीन महिन्यांनी दिसतो. केसांचे वाढचक्र दीर्घ असल्याने त्यांवरील परिणाम सहा महिन्यांपूर्वी ठरवता येत नाही. दुसऱ्या महिन्यातच ‘गुण नाही’ म्हणून औषध सोडणे हे उपचार फसण्याचे नेहमीचे कारण आहे. दरम्यान हनुवटीचे केस दाढी करून काढता येतात आणि लेझर नंतर जोडता येतो.