तीन वर्षांचं अ‍ॅग्रीमेंट करताय? सहीआधी भाडेवाढीचा आकडा असा ठरवून घ्या

द्रोणागिरीत वन बीएचके बघितला, घर आवडलं, भाडं १२ हजारांवर ठरलं. मालक म्हणतात, "तीन वर्षांचं अ‍ॅग्रीमेंट करून टाकू." तुम्हीही खूश, कारण दरवर्षी सामान हलवायची कटकट नाही. मग एजंट ड्राफ्ट पाठवतो. त्यात एक ओळ असते : 'दुसऱ्या वर्षापासून भाड्यात बाजारभावाप्रमाणे वाढ होईल.'

तुमचं पुढच्या दोन वर्षांचं बजेट या एका ओळीवर अवलंबून आहे.

द्रोणागिरीत हा प्रश्न जास्त महत्त्वाचा का?

उरण तालुक्यातला हा सिडकोचा नोड बरीच वर्षं 'लांब आहे, पण स्वस्त आहे' म्हणून ओळखला जायचा. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंतच्या लोकलचं आणि अटल सेतूचं उद्घाटन एकाच दिवशी झालं. लोकलच्या या मार्गावर द्रोणागिरी हे स्टेशनही आहे. शेजारी जेएनपीए बंदर आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचंही उद्घाटन झालं. त्यामुळे इथलं भाडं आणखी वाढेल, असं मालकाला वाटणं स्वाभाविक आहे. आणि म्हणूनच 'बाजारभाव' हा शब्द इथल्या भाडेकरूला महाग पडू शकतो.

कायद्यात ४ टक्क्यांची मर्यादा आहे ना?

हा गैरसमज खूप जणांना असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद आहे, हे खरं. पण ती जुन्या, संरक्षित भाडेकरूंसाठी आहे. आज आपण घर घेतो ते 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर, आणि त्याला ही मर्यादा लागू होत नाही. इथे जे करारात लिहिलं असेल, तेच चालतं. त्यामुळे वाढीवर मर्यादा हवी असेल तर ती सहीआधी मागावी लागते.

फरक किती पडतो?

समजा भाडं १२,००० आहे आणि वाढ ५ टक्के ठरली. मग दुसऱ्या वर्षी भाडं १२,६०० आणि तिसऱ्या वर्षी १३,२३० होईल. तीन वर्षांचे एकूण ४,५३,९६० रुपये होतात.

वाढ १० टक्के असेल तर दुसऱ्या वर्षी १३,२०० आणि तिसऱ्या वर्षी १४,५२०. एकूण ४,७६,६४० रुपये. म्हणजे २२,६८० रुपये जास्त. जवळपास दोन महिन्यांचं भाडं!

मालकाला कसं विचारायचं?

'कमी करा ना' असं म्हणण्यापेक्षा मालकाचं गणित त्यांच्यासमोर मांडा. समजा मालक ८ टक्के म्हणतायत आणि तुम्ही ५ टक्के. दुसऱ्या वर्षी यातला फरक महिन्याला ३६० रुपये, म्हणजे वर्षाला ४,३२० रुपये. पण तुम्ही घर सोडलं आणि ते एक महिना जरी रिकामं राहिलं, तरी मालकाचे १२ हजार जातात. शिवाय नवा भाडेकरू आला की एजंटची धावपळ आणि रजिस्ट्रेशन पुन्हा आलंच. मेसेज साधारण असा करता येईल :

"काका, घर आवडलंय आणि तीन वर्षं राहायची आमची तयारी आहे. पहिलं दीड वर्ष आम्ही घर सोडणार नाही, तसं लेखी देतो. फक्त दरवर्षीची वाढ ५ टक्के धरून तिन्ही वर्षांचं भाडं आत्ताच आकड्यांत लिहूया. म्हणजे तुम्हालाही दरवर्षी बोलायला नको आणि आम्हालाही."

यात तुम्ही नुसती सवलत मागत नाही, बदल्यात काहीतरी देताय. दीड वर्ष घर न सोडण्याच्या या हमीला करारात 'लॉक-इन' म्हणतात. मात्र नोकरी बदलायची शक्यता असेल तर ती जपून द्या. लॉक-इनमध्ये घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं.

टक्का ठरला. आता झालं?

नाही. टक्का ठरूनही भाडेकरू फसतो, तो तीन ठिकाणी.

पहिली जागा : नोटिशीचं कलम. बऱ्याच ड्राफ्टमध्ये 'दोन्ही पक्ष एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकतात' असं असतं. मग ११ महिन्यांनी मालक म्हणू शकतात, "५ टक्के परवडत नाही, १५ हजार द्या, नाहीतर ही नोटीस." अशा वेळी तुमच्या ५ टक्क्यांना काहीच अर्थ उरत नाही. म्हणून लॉक-इन मालकालाही बांधील असावं आणि त्यानंतरही मालकाकडून निदान दोन-तीन महिन्यांची नोटीस असावी. मालकाला घर रिकामं करून घ्यायची कारणं, उदाहरणार्थ भाडं थकवणं किंवा घराचा गैरवापर, वेगळी लिहून घ्या.

दुसरी जागा : आकडे. नुसतं '५ टक्के वाढ' लिहिलं तर ती मूळ भाड्यावर की आधीच्या वर्षाच्या भाड्यावर, हा वाद उरतो. आपल्या उदाहरणात मूळ भाड्यावर धरली तर तिसऱ्या वर्षी १३,२००, आधीच्या वर्षावर धरली तर १३,२३०. ५ टक्क्यांना फरक किरकोळ आहे, पण १० टक्क्यांना तो महिन्याला १२० रुपयांवर जातो. त्यापेक्षा सरळ लिहा : 'महिने १ ते १२ – १२,००० रुपये, १३ ते २४ – १२,६०० रुपये, २५ ते ३६ – १३,२३० रुपये.' ऑनलाइन रजिस्ट्रेशनमध्ये असं बदलतं भाडं महिन्यांप्रमाणे भरता येतं. अंगठा देण्याआधी हेच आकडे ड्राफ्टमध्ये दिसतायत का, ते बघा.

तिसरी जागा : मेंटेनन्स. भाडं बांधलं, पण सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार हे लिहिलंच नाही, तर तिथून वाढ येते. मालक स्वतः राहत नसल्यामुळे सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जही लावते. तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतो. हे दोन्ही मालक भरतील, असं करारात स्पष्ट लिहून घ्या. डिपॉझिट तीन वर्षं तेवढंच राहील, हेही.

रजिस्ट्रेशनचा खर्च वाढतो का?

थोडा. स्टॅम्प ड्युटी पूर्ण मुदतीच्या भाड्यावर ०.२५ टक्के असते आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटचे वर्षाला १० टक्के त्या रकमेत धरले जातात. आपल्या उदाहरणात डिपॉझिट ५० हजार धरलं तर तीन वर्षांचे १५ हजार मिळवून रक्कम ४,६८,९६० होते आणि ड्युटी साधारण १,१७२ रुपये. रजिस्ट्रेशन फी वेगळी.

'आपण नोटरी करू, रजिस्टर कशाला?' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि रजिस्टर असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

तीन वर्षांनंतर काय?

ही मर्यादा ३६ महिन्यांपुरतीच. मुदत संपल्यावर मालक नवं भाडं सांगू शकतात. करार संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट भाड्याइतकी भरपाई द्यावी लागू शकते. त्यामुळे ३३-३४ वा महिना लागला की नव्या कराराचं बोलणं सुरू करा, म्हणजे नाही जमलं तरी दुसरं घर शोधायला हातात वेळ राहील.