फोटोतली पार्क केलेली गाडी काढताना फुटपाथची कड आणि रस्त्यावरचे पट्टे पुन्हा कसे आखायचे?

साताऱ्यातलं आत्याचं जुनं घर लवकरच पाडणार होते, म्हणून घाईत जाऊन मोबाइलवर फोटो काढला. घरी येऊन बघतो तर घरासमोर एक पांढरी कार आणि तिच्यापुढे एक स्कूटर. आत्याला मोठी प्रिंट द्यायची होती, आणि परत जाऊन फोटो काढण्याइतका वेळ नव्हता.

आधी मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये Healing ने कार पुसून पाहिली. कार गेली, पण फुटपाथची काळी-पिवळी कड मध्येच वितळल्यासारखी झाली. हे टूल आजूबाजूचे तुकडे उचलून डाग भरतं, पण रस्ता लांब जाताना लहान होत जातो हे त्याला कळत नाही. तारेएवढ्या बारीक गोष्टीला ते पुरतं, कारला नाही. मग लॅपटॉपवर गिंप उघडलं. ते फुकट आहे.

सगळ्यात आधी लोप बिंदू शोधायचा. एकमेकांना समांतर असलेल्या रस्त्यावरच्या सरळ रेषा फोटोत लांब जाऊन एका बिंदूत मिळतात, तोच हा बिंदू. नवीन लेयरवर कडेची खालची रेघ आणि रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्याची रेघ लांबवा. माझ्या फोटोत त्या वरून 1200 पिक्सेलवर मिळाल्या. फोटो 0.5x लेन्सने काढला असेल तर कड किंचित वाकलेली असते आणि रेषा एका जागी मिळत नाहीत, म्हणून आधी Lens Distortion फिल्टरने ती सरळ करून घ्या.

आता खरी गंमत. कडेवरचे काळे-पिवळे भाग प्रत्यक्षात सारख्या लांबीचे असले, तरी फोटोत ते लांब जाताना आखूड होत जातात. किती आखूड, हे अंदाजाने ठरवलं की तिथेच फोटो खोटा दिसतो. पण त्याचा हिशोब सोपा आहे. कारच्या अलीकडचे दोन सलग जोड घ्या आणि ते लोप बिंदूच्या किती खाली आहेत ते मोजा. माझे आकडे 1200 आणि 1000 होते.

```
K = (1200 × 1000) / (1200 − 1000) = 6000
6000/5 = 1200   (दिसतो)
6000/6 = 1000   (दिसतो)
6000/7 = 857    (कारमागे)
6000/8 = 750    (कारमागे)
6000/9 = 667    (कारमागे)
6000/10 = 600   (दिसतो)
```

खालचा आकडा दरवेळी एकने वाढतो, बस. तुमच्या फोटोत तो 5 ऐवजी 4.3 पासून सुरू झाला तरी चालेल, पुढे 5.3, 6.3 असं जायचं. शेवटची ओळ म्हणजे आपली परीक्षा: कारच्या पलीकडचा पहिला जोड खरंच 600 च्या आसपास सापडला, म्हणजे मधले तीन बरोबर. नाही सापडला तर लोप बिंदू चुकलाय, किंवा कड तिथे वळते. वळणाऱ्या कडेला हा हिशोब लागू होत नाही.

जोड ठरले की कारच्या अलीकडचा एक पिवळा भाग कॉपी करा आणि Perspective टूलने त्याचे चार कोपरे नव्या जागी बसवा. मग काळ्याचंही तेच. कडेची उंचीसुद्धा कमी होत जाते, त्यामुळे वरची आणि खालची अशा दोन्ही रेषा लोप बिंदूकडेच जायला हव्यात. नुसता रंग भरू नका. खऱ्या कडेवर धूळ आणि उडालेला रंग असतो, तो कॉपीत आपोआप येतो.

डांबरासाठी Perspective Clone वापरलं. आधी Modify Perspective मध्ये चार कोपरे रस्त्यावर आडवे-उभे बसवायचे, मग Perspective Clone निवडून Ctrl दाबून नमुना घ्यायचा. नमुना नेहमी जवळच्या बाजूचा घ्या. लांबचं डांबर जवळ आणलं तर ते फुगून धूसर दिसतं. उलट लहान झालेला तुकडा जास्तच गुळगुळीत वाटला, तर RGB Noise अगदी थोडा द्या. आणि कारची सावली विसरू नका! मी पहिल्यांदा विसरलो, आणि रस्त्यावर कार नसताना कारची सावली पडली होती.

स्कूटर मात्र घराच्या पायऱ्यांसमोर होती. कडेचे भाग सारखे असतात म्हणून मोजता येतात, पण त्या पायऱ्या एकमेकींसारख्या नव्हत्या आणि खालची अर्धी झाकलेली होती. आत्याला फोन केला, तर ती म्हणाली, "अरे, खालची एका बाजूला तुटलेली होती, पण कुठल्या ते आठवत नाही बघ." मग स्कूटर तशीच ठेवली आणि प्रिंट काढली.